गोलात मावणारी सर्वांत मोठी वृत्तचिती

‘वृत्तचिती’ हा शब्द मला आवडतो, कारण त्याच्यात सूत्र दडलेले आहे. चिती म्हणजे रचलेली रास. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त विटांच्या राशींचे गणित ‘चितिव्यवहार’ याच नावाने येते. सारख्या आकाराच्या गोल चकत्या एकावर एक रचल्या की वृत्तचिती होते. म्हणूनच तिचे घनफळ म्हणजे एका चकतीचे क्षेत्रफळ गुणिले थप्पीची उंची.

आता ३० सेंमी व्यासाचा एक गोल घेऊ. त्याच्या आत बसणारी, वरच्या आणि खालच्या कडांनी गोलाला टेकणारी, सर्वांत अधिक घनफळाची वृत्तचिती कोणती? ती उंच करावी तर कडा आत सरकतात आणि ती सळईसारखी बारीक होते. रुंद करावी तर ती भाकरीसारखी चपटी होते. दोन्ही टोकांना घनफळ शून्याकडे जाते, म्हणजे उत्तर मध्ये कुठेतरी आहे.

अडचण अशी की येथे त्रिज्या आणि उंची अशा दोन राशी बदलतात. त्या एकमेकींपासून मोकळ्या मात्र नाहीत. गोलाने त्यांना बांधून ठेवले आहे. हे बंधन आधी लिहायचे आणि मगच पुढे जायचे. पुष्कळ विद्यार्थी घनफळाच्या सूत्राचे थेट अवकलन करू लागतात आणि अडकतात, कारण बंधन नसेल तर दोन्ही राशी हव्या तेवढ्या वाढवता येतात व महत्तम घनफळ असे काही उरतच नाही.

गोलाच्या केंद्रापासून वृत्तचितीच्या वरच्या पृष्ठापर्यंतचे अंतर, म्हणजे निम्मी उंची, क्ष मानू. केंद्रापासून वरच्या कडेवरील कोणत्याही बिंदूपर्यंतचे अंतर १५ सेंमी. हा झाला काटकोन त्रिकोणाचा कर्ण. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे वृत्तचितीच्या त्रिज्येचा वर्ग २२५ − क्ष² इतका येतो. पूर्ण उंची २क्ष आहे, म्हणून

घनफळ = २π(२२५क्ष − क्ष³).

आता एकच चल उरले. त्रिज्येऐवजी क्ष ठेवण्यात सोय आहे: सूत्रात त्रिज्येचा वर्गच लागतो, त्यामुळे वर्गमूळ कोठेही येत नाही.

कंसातील राशीचा अवकलज २२५ − ३क्ष². तो शून्य धरला की क्ष² = ७५, म्हणजे क्ष सुमारे ८.६६. उंची १७.३२ सेंमी, त्रिज्या १२.२५ सेंमी आणि घनफळ सुमारे ८,१६२ घन सेंमी. गोलाचे स्वतःचे घनफळ सुमारे १४,१३७ आहे. म्हणजे उत्तम वृत्तचितीही त्याचा सुमारे ५८ टक्केच भाग व्यापते.

येथे एक सापळा आहे. वर्तुळात मावणारा सर्वांत मोठा आयत चौरस असतो, म्हणून तोच चौरस फिरवून वृत्तचिती करावी, असे सहज वाटते. तिची उंची व्यासाइतकी, २१.२१ सेंमी येते. पण घनफळ फक्त ७,४९७. घनफळात त्रिज्या दोनदा गुणली जाते आणि उंची एकदाच, त्यामुळे रुंदीला झुकते माप मिळते. खऱ्या उत्तरात व्यास उंचीच्या √२ पट असतो.

दुसरी चूक म्हणजे पायथागोरसच्या त्रिकोणात निम्म्याऐवजी पूर्ण उंची घालणे. मग उंचीच ८.६६ येते. ही चूक ओळखणे सोपे आहे: अशा वृत्तचितीची कड केंद्रापासून सुमारे १३ सेंमीवर राहते, ती गोलाला टेकतच नाही.

अवकलज शून्य झाला एवढ्याने काम संपत नाही. तो लघुतमालाही शून्य होतो. द्वितीय अवकलज −६क्ष ऋण आहे, पण त्यावरून फक्त आसपासच्या किमतींपेक्षा ही किंमत मोठी आहे एवढेच कळते. पूर्ण खात्रीसाठी √७५ ला अ म्हणू. मग २२५ = ३अ², आणि

२२५क्ष − क्ष³ = २अ³ − (क्ष − अ)²(क्ष + २अ).

उजवी बाजू उलगडून पाहावी. वजा होणारी राशी क्ष धन असताना कधीच ऋण नसते आणि क्ष = अ असतानाच शून्य होते. म्हणजे २अ³ च्या वर घनफळाचा कंस जाऊच शकत नाही. अवकलनाची मदत न घेता पडताळा झाला.

हेच सूत्र आणखी एक गोष्ट सांगते. क्ष जर १ सेंमीने चुकला, तर १,२९९ मधून फक्त २५ ते २७ वजा होतात, म्हणजे सुमारे दोन टक्के. उंचीत २ सेंमीचा फरक पडूनही घनफळ जवळपास तेच राहते, कारण फरकाचा वर्ग होतो.

ही गोष्ट योहान्स केप्लरला अवकलन जन्माला येण्यापूर्वी दिसली होती. १६१३ साली लिंझ येथे दुसऱ्या लग्नासाठी त्याने वाइनची पिंपे घेतली. पिंपाच्या पोटावरील भोकातून सळई तिरकी घालून, ती तळाच्या दूरच्या कडेला टेकवून, तेवढ्या लांबीवरून विक्रेता माप ठरवी. केप्लरला ही पद्धत संशयास्पद वाटली. पण अर्धे पिंप वृत्तचिती मानले तर सळई हा तिचा कर्ण, आणि गोलातील वृत्तचितीचा कर्ण म्हणजे गोलाचा व्यास, प्रश्न हाच. १६१५ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने व्यास आणि उंचीचे √२ हे प्रमाण काढले आणि नोंदवले की महत्तमाच्या जवळ आकार थोडा बदलला तरी घनफळ फारसे हलत नाही. ऑस्ट्रियातील पिंपे या प्रमाणाच्या आसपासची होती, त्यामुळे कारागिराचा हात थोडा चुकला तरी सळईचे माप चालून जाई. लांबुडक्या पिंपांना मात्र ते लागू पडले नसते.