ताप उतरला होता, मग असं कसं झालं?

भेटायला आलेला माणूस सतरंजीवर टेकला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘असं अचानक कसं काय झालं?’ वय होऊन गेलेल्या माणसाच्या घरी हा प्रश्न बरा असतो, सांगता सांगता घरच्यांचं मन हलकं होतं. पण डॉक्टरांच्या हयगयीमुळे आपला माणूस गेला असा ज्या घराला संशय आहे, तिथे या प्रश्नाने बैठकीची चौकशी समिती होते. प्रत्येक नवा पाहुणा पुन्हा पहिल्यापासून साक्ष घेतो आणि जाताना आपला निकाल देऊन जातो.

एक उदाहरण घेऊ. 42 वर्षांचा माणूस. सोमवारी ताप भरला, बुधवारी डेंग्यू निघाला म्हणून दाखल केलं. शुक्रवारी ताप उतरला. ‘उद्या-परवा सोडू,’ असं राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले. शनिवारी दुपारी पोटात दुखायला लागलं, उलट्या झाल्या. रात्री हातपाय गार पडले, जीव कासावीस झाला. पहाटे आयसीयूत नेलं आणि रविवारी सकाळी तो गेला. बायको येईल त्याला एकच सांगते, ‘ताप उतरला होता हो. घरी सोडणार होते.’

यावर बैठकीत दोन प्रकारची माणसं बोलतात. एक म्हणतो, ‘प्लेटलेट वेळेवर चढवल्या असत्या तर वाचला असता.’ दुसरा म्हणतो, ‘डॉक्टरांनी त्यांच्या परीने केलंच असेल, तेवढंच आयुष्य होतं म्हणायचं.’ पहिला चिथावतो आणि दुसरा समजावतो असं आपल्याला वाटतं. माझ्या मते दोघेही एकच काम करत असतात. केसपेपर न बघता दोघांनीही निकाल दिलेला असतो.

डेंग्यूची घातक अवस्था बहुधा ताप उतरतानाच सुरू होते. त्या 24 ते 48 तासांत रक्तवाहिन्यांतलं द्रव बाहेर झिरपू शकतं, रक्त दाट होतं आणि रक्तदाब ढासळतो. अशा वेळी रुग्ण वाचतो तो मुख्यतः सलाइनच्या नेमक्या हिशोबावर. ते कमी पडलं तरी धोका, जास्त झालं तरी फुप्फुसात पाणी. रक्तस्राव नसताना नुसता आकडा बघून प्लेटलेट चढवण्याने सहसा फायदा होत नाही, त्यामुळे पहिल्या पाहुण्याचं बोलणं बहुतेक चुकीचंच. पण पोटदुखी आणि उलट्या ही डेंग्यूतली धोक्याची लक्षणं आहेत. शनिवारी दुपारनंतर कुणी रक्तदाब पाहिला का, रक्ताचा दाटपणा पुन्हा तपासला का, हे प्रश्न खरे आहेत, म्हणून दुसऱ्याचंही बोलणं पोकळ. सगळं वेळेवर करूनही काही रुग्ण हाती लागत नाहीत, आणि कुणी न पाहिल्यामुळेही जातात. बायको जी हकीकत सांगते ती दोन्हींकडे सारखीच बसते. फरक कळेल तो नर्सच्या तक्त्यातून आणि लॅबच्या रिपोर्टांवरच्या वेळांतून.

एरवी सहज निघून जाणारी आणखी दोन वाक्यं इथे फार लागतात. ‘त्या हॉस्पिटलात कशाला नेलंत?’ आणि ‘एक दिवस आधी हलवायला हवं होतं.’ रोख डॉक्टरवर असतो, पण घाव बसतो तो ज्याने फॉर्मवर सही केली त्या भावावर किंवा मुलावर. तो आधीच रात्रभर तोच हिशोब मांडत जागलेला असतो.

सांत्वनाला आलेल्याने उघड बोलावं अशी एकच वेळ असते, ती अंत्यसंस्कारापूर्वीची. संशय असेल तर शवविच्छेदन तेव्हाच होऊ शकतं, दहनानंतर तो पुरावा उरत नाही. म्हणून जवळच्या एकाच माणसाने घरातल्या कर्त्याला बाजूला घेऊन विचारावं, ‘तुमच्या मनात शंका असेल तर पोलिसांना कळवून पीएम करता येतं, पण ते आत्ताच ठरवावं लागेल. नको असेल तर तेही बरोबरच.’ इतकंच सांगावं, आग्रह करू नये. एकदा चिता पेटली की ‘पीएम का नाही केलंत?’ हे वाक्य कायमचं गिळावं. आता त्यातून फक्त पश्चात्तापच मिळणार.

पुढच्या दिवसांत नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘डॉक्टरने मारलं’ असं हमखास पडतं. तरुण पोरं ‘चला, जाब विचारू’ म्हणत उठतात. ती उठायच्या आत कुणा वडीलधाऱ्याने त्यांना दारातच थांबवलेलं बरं. महाराष्ट्रात 2010च्या कायद्याने डॉक्टरांवर हल्ला किंवा रुग्णालयाची मोडतोड केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. म्हणजे ज्यांची तक्रार होती तेच आरोपी होतात.

ग्रुपवर लिहायचंच तर गेलेल्या माणसाबद्दल लिहावं. ‘वहिनी, दादा गेले हे अजून खरं वाटत नाही. गणपतीत रात्री उशिरापर्यंत सगळ्यांना आरत्या म्हणायला बसवायचे, तेच आठवतंय. गुरुवारी संध्याकाळी डबा घेऊन येते. बोलायलाच पाहिजे असं नाही.’ यात रुग्णालयाचं नावही नाही, आणि तरी वहिनींना काही कमी वाटणार नाही.

त्या स्वतःहून बोलल्या तर मात्र विषय बदलू नये. ‘शनिवारी मी तीनदा सिस्टरला बोलावलं, कुणी आलं नाही,’ असं त्या म्हणाल्या तर ‘जाऊ दे आता’ म्हणणं क्रूर आहे. ‘तीनदा बोलावलंत तुम्ही’ एवढंच म्हणून पुढे ऐकावं. ‘मग डॉक्टर दारू पिऊन असेल’ अशी आपली भर घालू नये. ऐकलेलं आणि पाहिलेलं दोन आठवड्यांत मनात मिसळून जातं, आणि पुढे तक्रार झालीच तर त्यांची स्वच्छ आठवण हीच मोठी साक्ष असते. त्यांना झेपेल तेव्हा दिवस आणि वेळा वहीत लिहून ठेवायला मदत करावी. पाहुण्यांच्या तर्कांपासून तेवढं तरी सुटं राहतं.

कागदांचंही तसंच. रुग्णाच्या नोंदींची लेखी मागणी केल्यावर 72 तासांत त्या द्याव्यात, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002चे नियम सांगतात. ग्राहक आयोगाकडे जायला साधारण 2 वर्षांची मुदत असते, तेव्हा तेराव्याच्या आत वकील गाठायची घाई नसते. फौजदारी बाजू जास्त अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं की वाईट परिणाम म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे. गुन्ह्यासाठी हयगय ढोबळ असावी लागते आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यावं. न्यायालयालाही जे मत मागवावं लागतं, ते सोफ्यावर बसून देण्याची आपल्याला काय घाई?

तरी एक दिवस त्या थेट विचारतातच. घरात कुणी डॉक्टर किंवा नर्स असेल तर त्यांना नक्कीच : ‘तुम्हीच सांगा, चूक झाली ना त्यांची?’ तेव्हा ‘नाही हो’ आणि ‘हो, झालीच’ ही दोन्ही उत्तरं सोपी आणि दोन्ही खोटी ठरू शकतात. ‘मी तिथे नव्हतो, कागदही पाहिलेले नाहीत, म्हणून आज सांगू शकत नाही. तुमची शंका मात्र वेडेपणाची नाही. फाइल आली की जाणकार डॉक्टरांकडून वाचून घेऊ, मी बरोबर येईन,’ असं सांगावं. आणि फाइल मिळाल्याचा फोन येईल तेव्हा, मग तो सहा महिन्यांनी का येईना, खरोखर जावं.