पिंपळामागचं आकाश

जुलै महिन्यात देवळाचा फोटो काढला की वर आभाळ पांढरंफटक येतं. पत्रिकेवर किंवा जत्रेच्या फलकावर ते मेल्यासारखं दिसतं, म्हणून त्या जागी दुसरं, ढगांनी भरलेलं किंवा संध्याकाळचं आकाश बसवायचं ठरतं. त्यासाठी आधी जुनं आकाश काढून तिथे पारदर्शक मोकळी जागा ठेवावी लागते. देऊळ साधं कौलारू असेल तर हे काम पाच मिनिटांत होतं. पण देवळाशेजारी पिंपळ असला की खरी परीक्षा सुरू होते, कारण पानापानांमधून आकाश डोकावत असतं.

ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरं होई. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रेने 1850च्या दशकात समुद्राची काही चित्रं दोन वेगळ्या निगेटिव्हांवरून छापली, एक पाण्याची आणि एक आभाळाची. त्याचा सांधा क्षितिजाच्या सरळ रेषेवर येई, आपला सांधा मात्र हजारो पानांच्या कडांवर येतो.

गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये हे काम कसं होतं ते पाहू. मोबाइलने दिलेल्या जेपेग फोटोला पारदर्शकता ठाऊकच नसते. तिथे प्रत्येक ठिपक्याचे, म्हणजे पिक्सेलचे, लाल, हिरवा आणि निळा असे तीनच आकडे असतात. आकाश निवडून Delete दाबलं तर मोकळी जागा होत नाही, मागे ठरवलेला रंग भरला जातो, बहुधा पांढराच. म्हणून पहिलं पाऊल `Layer → Transparency → Add Alpha Channel`. याने प्रत्येक पिक्सेलला चौथा आकडा मिळतो, अल्फा. अल्फा शून्य म्हणजे आरपार, पूर्ण म्हणजे भरीव, आणि मधल्या किमती म्हणजे अर्धवट. ही कल्पना 1970च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अ‍ॅल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी संगणकचित्रांसाठी मांडली.

मग बहुतेक जण `Fuzzy Select` घेतात आणि आभाळावर क्लिक करतात. हे साधन क्लिक केलेल्या ठिकाणाला लागून असलेला सारख्या रंगाचा भागच पकडतं, त्यामुळे पानांमधल्या सुट्या फटी राहून जातात. `Select by Color` त्या फटी पकडतं, पण चुन्याने रंगवलेला कळसही घेऊन जातं. हे दोन्ही सांभाळता येईल. तरीही एक दोष राहतोच: नव्या आकाशावर झाड ठेवलं की प्रत्येक पानाभोवती पांढरी किनार चमकते.

ही किनार कुठून येते हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. पानाच्या कडेवरचा पिक्सेल धड पानाचा नसतो, धड आकाशाचा नसतो. कॅमेऱ्याने त्या चिमुकल्या चौकोनात दोघांचा प्रकाश मिसळून एकच आकडा नोंदवलेला असतो. समजा पानाची उजळी 40 आहे, आकाशाची 240, आणि पिक्सेलचा निम्मा भाग पानाचा आहे. नोंद होईल 140. आता मागे 80 उजळीचं सांजेचं आकाश आणलं. तिथे प्रत्यक्ष पान असतं तर कड 40 आणि 80च्या मधली, म्हणजे 60 आली असती. आपण तो पिक्सेल तसाच ठेवला तर 140 दिसतो. निवडीची कड मऊ करून तो निम्मा पारदर्शक केला, तरी 140 आणि 80ची सरासरी 110 येते, जी पानाहूनही उजळ आणि आकाशाहूनही उजळ. म्हणून `Feather` कितीही वाढवलं तरी किनार जात नाही, नुसती पसरते. पिक्सेल अर्धा पारदर्शक तर करायलाच हवा, शिवाय त्यात मुरलेलं जुनं आकाश वजा करून पानाचा मूळ 40 परत काढायला हवा.

नेमकं हेच काम `Colors → Color to Alpha` करतं. एक रंग दिला की प्रत्येक पिक्सेलमध्ये तो किती मिसळला आहे याचा अंदाज घेऊन तेवढा काढतं आणि तेवढीच पारदर्शकता देतं. काम सुरू करण्याआधी थराची एक प्रत करून ती खाली ठेवावी आणि तूर्त लपवावी. वरच्या थरावर `Free Select`ने आभाळ आणि पिंपळाचा शेंडा ढोबळपणे वेढावा, कळसही आत येऊ द्यावा. मग रंग उचलायच्या खुणेने पानांच्या अगदी जवळचं आकाश टिपावं. आभाळ एकसारखं नसतं, क्षितिजाकडे बहुधा जास्त उजळ असतं, म्हणून मोठ्या फोटोत दोन-तीन तुकड्यांत काम केलेलं चांगलं. `Transparency threshold` किंचित वाढवला की आकाशातले बारीक डाग पूर्ण निघून जातात. `Opacity threshold` कमी करत गेलं की गडद पानं पुन्हा भरीव होतात. हे दोन सरकपट्टे हळूहळू हलवत, चित्र मोठं करून पाहत राहण्यातच सगळं कसब आहे.

तरी झाडाच्या पोटात भोकं राहतात. पावसात भिजलेलं पिंपळाचं पान आभाळच परावर्तित करतं, त्यामुळे त्याची चकाकी प्रोग्रॅमला आकाशच वाटते. इथे खालची प्रत कामाला येते. ती दिसती करून तिला पूर्ण काळा मास्क लावायचा, म्हणजे तिचं काहीच दिसत नाही, आणि मग झाडाच्या आतल्या भागात, कडेपासून आत राहून, मास्कवर पांढऱ्या ब्रशने रंगवायचं. तिथे मूळ पानं परत येतात. कळसही याच मास्कमधून आणावा. पांढऱ्यावर पांढऱ्याची कड कुठलंही साधन ओळखणार नाही, ती `Paths`ने डोळ्यांनी आखावी आणि निवडीत बदलून मास्कवर पांढरी भरावी.

तपासताना गिंपमधल्या राखाडी चौकटींवर भरवसा ठेवू नये, त्या उजळ किनार झाकून टाकतात. खाली एक गडद निळा थर घालावा, मग एक भडक लाल. निळ्यावर पांढरी किनार उठून दिसते, लालवर झाडातली भोकं.

मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर हे सगळं अवघड होतं. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून माहिती आटवतं, आणि जास्त आटवलं की फांद्यांभोवती आभाळात मळकट ठिपके उठतात. ते आकाशाच्या रंगाचे नसतात, म्हणून निघत नाहीत. फोटो काढणाऱ्याकडून मूळ फाइलच मागावी. काम ठेवताना `.xcf` जपावी, म्हणजे थर आणि मास्क शाबूत राहतात, आणि छपाईवाल्याला `.png` द्यावी. पुन्हा जेपेग केलं की पारदर्शकता गेली.

काही ठिकाणचं आकाश मात्र या मार्गाने निघत नाही. दूरच्या डोंगरावर जो फिकट धुरकटपणा असतो तोही मधल्या हवेतून आलेला आभाळाचाच उजेड, आणि तो कडेपुरता नसून डोंगरभर पसरलेला असतो. मागे तांबडं आकाश लावलं तर हे डोंगर निळसर पांढरे राहून वेगळे पडतात. त्यांच्यासाठी वेगळा थर करून रंग थोडा उबदार आणि गडद करावा लागतो. देवळासमोरच्या ओल्या फरशीतही जुनंच आभाळ असतं, तिथे नव्या आकाशाची उलटी प्रत अंधूक करून घालावी लागते. सगळ्यात सोपं म्हणजे आकाश निवडतानाच ढगाळ, विखुरलेल्या उजेडाचं घ्यावं. पावसाळी फोटोत सावल्या नसतात, त्यामुळे प्रखर सूर्य असलेलं आकाश त्यावर कधीच बसत नाही, कड कितीही नेटकी कापलेली असो.