ग्लासात उतरणारा तपकिरी रंग

काचेच्या ग्लासात थंड पाणी घ्या. ते निवळलं, की वरून चिमूटभर फिल्टर कॉफीची पूड भुरभुरा, ढवळू नका. भाजलेल्या कॉफीच्या कणांत तेल आणि वायू असतो, म्हणून ते बराच वेळ तरंगतात. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. त्यातली जळकी साखर लगेच विरघळते, कण काही सेकंदांत बुडतात आणि मागे तपकिरी रेघा सोडतात. तळाचा कण बोटांनी दाबून पाहा: चिकोरी मऊ पडते, कॉफी कडकच राहते.

चिकोरी असणं हा गुन्हा नाही. मिश्रणात ती 49 टक्क्यांपर्यंत चालते, पण पाकिटावर प्रमाण छापलेलं हवं. ‘शुद्ध कॉफी’ म्हणून घेतलेल्या पुडीतून रेघा उतरल्या, तर दुकानदाराला जाब विचाराच. नेमकी टक्केवारी मात्र प्रयोगशाळाच सांगेल.

फोलपट पकडणं अवघड, कारण तेही तरंगतं. पूड पांढऱ्या कागदावर पसरून भिंगातून पाहिली, तर कागदासारखे पातळ, फिकट तुकडे दिसतात. थोडे असणारच, बीच्या चिरेत ती साल राहतेच. जागोजागी दिसले, तर संशय घ्यावा. इन्स्टंट कॉफीला यातलं काहीच लागू नाही, ती मुळातच विरघळते.