निम्मी लांबी अधिक साडेनऊ

लसीकरणाला नेलेल्या तान्ह्या बाळाचं वजन बहुतेक आयांना तोंडपाठ असतं. लांबी विचारली तर कार्ड बघावं लागतं, आणि डोक्याचा घेर विचारला तर पुष्कळदा कार्डावरही तो सापडत नाही. जिथे लांबी आणि घेर दोन्ही लिहिलेले असतात, तिथेही दोन आकडे शेजारी ठेवून वाचले जातातच असं नाही. खरी माहिती मात्र त्या दोघांच्या नात्यात असते.

पहिल्या वर्षासाठी बालरोगतज्ज्ञांचा एक सोपा आडाखा आहे. लांबी निम्मी करायची आणि त्यात साडेनऊ मिळवायचे. डोक्याचा घेर साधारण तेवढा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार मुलग्याची लांबी जन्मतः सरासरी 49.9 सेंटिमीटर आणि घेर 34.5 असतो, सहाव्या महिन्यात हेच आकडे 67.6 आणि 43.3 होतात. दोन्हींवर आडाखा लावून पाहा, नेमका बसतो. वर्षाच्या अखेरीस तो सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर जास्त उत्तर देऊ लागतो, म्हणून त्यानंतर त्याच्यावर विसंबू नये. शिवाय त्याला अडीच सेंटिमीटर वर-खाली अशी सूट आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. म्हणूनच एका दिवसाच्या आकड्यापेक्षा फरक कुठल्या दिशेने सरकतो आहे, हे बघण्यात त्याचा जास्त उपयोग.

अर्थात आधी माप नीट हवं. डोक्यासाठी न ताणणारी टेप लागते. शिंप्याची जुनी कापडी टेप ताणून ताणून लांबलेली असते, ती चालत नाही. कुंची, टोपरं, केसांतली पिन काढायची. टेप पुढे भुवयांच्या जरा वर आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून न्यायची, आणि दोन-तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. लांबी मोजायला दोन माणसं लागतात. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून पावलांना सरकती पट्टी लावायची. बाळ पाय आखडून घेतं आणि लांबी सहज एक-दोन सेंटिमीटरने कमी भरते. त्यामुळे दोन मापांत विसंगती दिसली की पहिलं काम पुन्हा मोजण्याचं. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत प्रसूतीमुळे डोक्यावर सूज असते, तेव्हाचा घेरही फारसा भरवशाचा नसतो.

एक उदाहरण घेऊ. पूर्ण दिवसांचा मुलगा, जन्मतः लांबी 50, घेर 34.5; आडाख्याशी तंतोतंत. दीड महिन्याच्या लसीला लांबी 56, घेर 38.5. आडाखा सांगतो 37.5, म्हणजे घेर एक सेंटिमीटर पुढे. अडीच महिन्यांना लांबी 59, घेर 41, फरक दोनचा. हे आकडे सुटे पाहिले तर कोणी दचकणार नाही, 41 हा घेर त्या वयात मोठा असला तरी असामान्य नाही. साडेतीन महिन्यांच्या लसीला लांबी 62, घेर 43.4. आता फरक जवळजवळ तीन सेंटिमीटरचा. या वयात चार आठवड्यांत डोकं सव्वा-दीड सेंटिमीटर वाढावं, या बाळाचं दोन्ही वेळा त्याच्या दीडपट-दुप्पट वाढलं आहे. लांबी मात्र आपल्या मधल्या रेषेवरून जराही हललेली नाही. बाळच मोठ्या चणीचं असतं तर लांबीही वर सरकली असती. डोकं एकटंच पुढे निघालं आहे.

यामागे मेंदूतलं पाणी तुंबणं असू शकतं. मेंदूच्या पोकळ्यांत एक द्रव सतत तयार होतो आणि वाट काढून रक्तात मिसळतो. ती वाट अडली की पोकळ्या फुगतात. मोठ्या माणसाची कवटी बंद असल्याने त्याला लगेच असह्य डोकेदुखी होते. बाळाच्या कवटीचे सांधे मोकळे असल्याने त्याचं डोकं निमूटपणे मोठं होत जातं. उलट्या, सुस्ती, बाळ शांत बसवलेलं असतानाही टम्म राहणारी टाळू, खाली वळलेली आणि वर न जाणारी बुबुळं, ही लक्षणं बरेचदा नंतर येतात. ती दिसली तर पुढच्या लसीची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. (टाळू उडते म्हणून घाबरून येणारे पुष्कळ असतात. ते उडणं नाडीचं असतं. तेलाने टाळू भरल्याने ती लवकर मिटते, यालाही आधार नाही.)

टाळू उघडी असते याचा फायदाही आहे. तिच्यावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की पोकळ्या दिसतात. भूल नको, किरणं नकोत. पोकळ्या फुगलेल्या निघाल्या तर मेंदूचे शल्यविशारद बारीक नळीने ते पाणी पोटात उतरवतात किंवा दुर्बिणीने आतल्या आत नवी वाट करून देतात.

मात्र डोकं असं पुढे निघालेल्या सगळ्याच बाळांना आजार नसतो. अनुभवी डॉक्टर बाळाचं मोजून झालं की तीच टेप बापाच्या डोक्याला लावतात, मग आईच्या. बापाचा घेर 60 भरला, बाळ हसतंय, मान धरतंय, आणि सोनोग्राफीत पाणी फक्त मेंदूच्या बाहेरच्या बाजूला थोडं जास्त दिसलं, तर बहुधा ही घराण्याची ठेवण असते. अशा बाळाचा आलेख पहिल्या काही महिन्यांत वर चढतो आणि मग नेहमीच्या रेषांना समांतर धावू लागतो. त्याला उपचार लागत नाहीत, दर महिन्याला टेप लागते.

उलट बाजूही आहे. एका मुलीची लांबी सहाव्या महिन्यात 65.5 आणि नवव्या महिन्यात 70, म्हणजे अगदी मधोमध. घेर मात्र 40 वरून जेमतेम 40.8 वर आला. त्या काळात दीड सेंटिमीटरहून अधिक वाढ व्हायला हवी होती. घरचे म्हणतात, दूध कमी पडत असेल. पण अन्न कमी पडलं की आधी वजन घटतं, मग लांबी खुंटते, आणि डोकं सर्वांत शेवटी मागे पडतं. लांबी ठणठणीत असताना डोकं थांबलं, तर कारण आहारात शोधून उपयोग नाही. जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला होता का, गरोदरपणात जंतुसंसर्ग झाला होता का, एखादा जनुकीय दोष आहे का, हे बघायचं. कवटीचे सांधे अकाली जुळले असतील तर डोक्याचा आकारही बिघडतो: लांबट, तिरकं किंवा पुढून टोकदार. त्याची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षातच करतात, म्हणून ही शंका लवकर यायला हवी.

आडाखा फसतो तो बुटक्या बाळाच्या बाबतीत. सहा महिन्यांच्या मुलग्याची लांबी 62 आणि घेर 42.8 असेल, तर आडाखा 40.5 सांगतो आणि डोकं मोठं वाटतं. वयाच्या तक्त्यात पाहिलं तर घेर जवळपास सरासरीइतका आहे, कमी आहे ती लांबी. महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, तेव्हा हा घोळ आपल्याकडे नेहमीचा. अशा बाळाची सोनोग्राफी करण्याआधी त्याचं वजन, आहार आणि जन्मवजन पाहावं. बाळ सुस्त असेल, बद्धकोष्ठ असेल, टाळू अवाजवी रुंद असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी लगेच करावी, कारण तिथे औषधाला झालेला उशीर बुद्धीच्या वाढीवर पडतो. आणि हातपाय धडाच्या मानाने आखूड दिसत असतील तर हाडांच्या वाढीचा जन्मजात दोष शोधावा लागतो. त्यातल्या काही प्रकारांत डोकं खरोखरच मोठं असतं आणि तिथे दोन्ही आकडे एकाच वेळी खरं सांगत असतात.