तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

रागात लिहिलेला मजकूर साधारण असा असतो: ‘मॅडम, हॉस्टेलला पाणीच नसतं. आम्ही फुकट राहतो का? शंभर वेळा सांगूनही तुम्हाला काही पडलेलं नाही. वॉचमन मोटर लावायची सोडून झोपा काढतो. पिण्याचं पाणीही घाण येतं. दोन दिवसांत सोय झाली नाही तर आम्ही सगळ्या प्राचार्यांकडे जाऊ.’

राग खरा आहे. सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला अंघोळीशिवाय जावं लागलेल्या मुलीने गोड लिहावं अशी अपेक्षा कोणी करू नये. अडचण वेगळीच आहे. हे वाचून वॉर्डन मॅडमनी नेमकं करायचं काय? ‘पाणीच नसतं’ याचे अर्थ निदान चार होतात: नगरपालिकेचं पाणी आलं नाही, खालच्या टाकीतून वर चढवणारी मोटर बंद आहे, गच्चीवरची टाकी रिकामी झाली, किंवा त्या मजल्याचा कॉकच कोणी बंद ठेवलाय. चारांवर उपाय चार. शिवाय ‘शंभर वेळा’ आणि ‘झोपा काढतो’ या शब्दांमुळे बोलणं पाण्यावरून हटतं आणि वॉचमनची बाजू ऐकण्यात आठवडा जातो.

म्हणून मसुदा बाजूला ठेवून आधी तीन सकाळी नळ बघावेत. समजा, मुलींना असं दिसलं: सहाला सगळीकडे पाणी आहे. पावणेसातला तिसऱ्या मजल्यावर बारीक धार, सव्वासातला तीही बंद. तळमजल्यावर मात्र आठपर्यंत थोडं थोडं येतं. नऊला मोटर लागते आणि साडेनऊला वरही पाणी येतं. यावरून बरंच कळतं. साडेनऊला पाणी पोहोचतं म्हणजे कॉक उघडा आहे आणि मोटरही चालू स्थितीत आहे. टाकीतली पातळी उतरली की आधी वरच्या मजल्याचा दाब जातो, कारण टाकी त्याच्या डोक्यावर जेमतेम काही फूट असते. खालचे नळ तेव्हाही उरलेलं पाणी ओढत राहतात.

हिशेबही जुळतो का ते पाहू. वसतिगृहासाठी भारतीय मानकात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. मुली १२० असतील तर १६,२०० लिटर झाले. गच्चीवरची टाकी १०,००० लिटरची असेल, तर ती दिवसातून दोनदा भरायलाच हवी. इथे मोटर संध्याकाळी सातला आणि सकाळी नऊला लागते. म्हणजे रात्रीचा वापर आणि सकाळची सगळी गर्दी एकाच टाकीवर. मोटरची वेळ चुकतेय. हा १३५चा आकडा पत्रात मात्र घालू नये असं मला वाटतं. पहिल्याच पत्रात नियम दाखवला की समोरचा माणूस फाइल उघडतो, मोटरचं बटण दाबत नाही.

आता पत्र:

‘प्रति, माननीय वॉर्डन मॅडम, मुलींचे वसतिगृह.
विषय: तिसऱ्या मजल्यावर सकाळी पाणी न येण्याबाबत.

महोदया,
तिसऱ्या मजल्यावरील स्नानगृहांत सोमवार ते बुधवार तिन्ही दिवस सकाळी सव्वासात ते साडेनऊ पाणी आले नाही. त्या वेळी तळमजल्यावर कमी दाबाने पाणी होते. मोटर नऊला सुरू झाल्यावर वरही पाणी आले. त्यामुळे रात्री भरलेली टाकी सकाळी लवकर संपत असावी असे वाटते. मजल्यावर ४० मुली असून बहुतेकींचे वर्ग आठला सुरू होतात.
मोटर सकाळी पाचलाही लावण्याची व्यवस्था व्हावी आणि एकदा प्लंबरकडून टाकीची पाहणी व्हावी, ही विनंती. वेळांची नोंद सोबत जोडली आहे. आपल्या सोयीच्या वेळी आमच्यापैकी दोघी भेटायला येऊ.
आपल्या विश्वासू,’

खाली सह्या आणि खोली क्रमांक.

‘असावी असे वाटते’ हे भित्रेपणाने आलेलं नाही. गच्चीवर चढून टाकी कोणी पाहिलेली नाही, म्हणून तेवढंच म्हणता येतं. मोटरची वेळ बदलणं वॉर्डनच्या हातात असतं, त्यामुळे मागणीही तेवढीच ठेवली. नवी टाकी मागितली असती तर अर्ज व्यवस्थापनाकडे जाऊन पडला असता. वॉचमनचा उल्लेख गेला, कारण नऊची वेळ त्याने ठरवली की त्याला कोणी सांगितली, हे मुलींना ठाऊक नाही. पिण्याच्या पाण्याची तक्रार खोटी नाही, पण तिचा अर्ज वेगळा हवा. एका कागदावर दोन तक्रारी असल्या की सोपी सुटते आणि दुसरीवरही ‘निकाली’ असा शेरा पडतो. प्राचार्यांची धमकीही काढली. मॅडमकडून काहीच झालं नाही तर हेच पत्र, तारखेसह, त्यांच्याकडे नेता येतं. त्यासाठी देतानाच दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्यावा.

कधी उत्तर येतं, ‘पाचला लावली असती, पण तेव्हा खालची टाकीच कोरडी असते.’ मग प्रश्न मोटरचा राहत नाही. नगरपालिकेचं पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, याची नोंद सुरू करावी लागते आणि पुढचं पत्र टँकरसाठी लिहावं लागतं.