लॅपटॉपवर दिसतं, टीव्हीवर का नाही?

लग्नाची फिल्म पेनड्राइव्हवर येते. टीव्हीच्या मागे तो खोचला आणि पडद्यावर काही उमटलं नाही, की घरात पहिला संशय पेनड्राइव्हवर जातो आणि दुसरा व्हिडिओवाल्यावर. तोच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर फिल्म मजेत चालते. मग टीव्ही जुना झाला, असा निकाल लागतो. बहुतेक वेळा यातलं काहीच खराब नसतं. टीव्हीला एका फाइलपर्यंत पोचायला तीन-चार टप्पे पार करावे लागतात, आणि तो त्यांतल्या एखाद्यावर अडलेला असतो. कोणत्या टप्प्यावर अडला ते टीव्ही स्वतःच दाखवत असतो. पेनड्राइव्हचं नावच यादीत येत नसेल तर एक कारण; नाव येतं पण आत फाइल दिसत नसेल तर दुसरं; आवाज येतो पण पडदा काळा असेल तर तिसरं; आणि चित्र छान दिसतं पण मंगलाष्टकं मुकी असतील तर चौथं.

एक प्रकरण मुळापासून पाहू. फिल्म अडीच तासांची, एकसंध, फाइलचं नाव .mov ने संपणारं. आकार सुमारे १८ जीबी. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा. टीव्ही दहाएक वर्षांपूर्वीचा, ३२ इंची, फुल एचडी.

पहिला अडथळा असा, की टीव्हीला पेनड्राइव्हच दिसत नाही. लॅपटॉपवर त्या ड्राइव्हवर राइट-क्लिक करून Properties उघडलं तर File system या शब्दांपुढे exFAT लिहिलेलं असतं. फाइल सिस्टिम म्हणजे पेनड्राइव्हवर कोणती फाइल कुठे सुरू होते, केवढी आहे, याची नोंद ठेवायची पद्धत. ती पद्धत टीव्हीला ठाऊक नसेल तर त्याच्या दृष्टीने पेनड्राइव्ह कोरा किंवा बिघडलेला. एक्सफॅट ही पद्धत मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली, पण तिचा तपशील खुला केला तो २०१९ मध्ये. तोवर टीव्ही बनवणाऱ्याला ती वापरायची तर परवाना घ्यावा लागे. स्वस्त संचांत तो खर्च कोण करतो? आणि नेमके ३२ जीबीपेक्षा मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्येच बांधून दुकानात येतात.

इथे शेजारचा जाणकार सांगतो, ‘अरे, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट कर, सगळीकडे चालतं.’ चालतं हे खरं. १९९६ पासूनची ही पद्धत टीव्ही, गाडीतला स्टिरिओ, सेट टॉप बॉक्स असं जवळपास सगळं वाचू शकतं. पण तिच्यात प्रत्येक फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा ठेवलेली आहे. त्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. एवढ्या बाइट्स, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी, ही एका फाइलची कमाल मर्यादा. आपली १८ जीबीची फिल्म तिथे कॉपी करायला गेलं की विंडोज कळवतं: The file is too large for the destination file system. पेनड्राइव्ह अख्खा रिकामा असतो आणि संगणक म्हणतो जागा पुरत नाही, असं समजून लोक वैतागतात. तो जागेबद्दल बोलतच नसतो. शिवाय विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ६४ जीबीच्या ड्राइव्हसाठी फॅट-३२ हा पर्याय वर्षानुवर्षं दिसतच नव्हता, तेव्हा पुष्कळांची गाडी इथवरही येत नाही.

मधली वाट एनटीएफएसची. ही विंडोजची स्वतःची पद्धत. ४ जीबीची अट नाही आणि पुष्कळ जुने टीव्हीही ती वाचतात. आपल्या प्रकरणात पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये बांधल्यावर त्याचं नाव टीव्हीच्या यादीत आलं. फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, म्हणून फिल्म आधी लॅपटॉपवर उतरवून ठेवायची, हे सांगायला नको. एक सांगायला मात्र हवं: काही टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स अनोळखी ड्राइव्ह दिसला की रेकॉर्डिंगसाठी तो फॉरमॅट करू का, असं विचारतात. रिमोटवरचं ‘ओके’ सवयीने दाबलं जातं आणि लग्न पुसलं जातं. तिथे नाहीच म्हणायचं.

पेनड्राइव्ह दिसला, फाइलही दिसली. ती लावल्यावर पडदा काळा, आणि वर एक ओळ: हा व्हिडिओ चालत नाही. आता प्रश्न फाइलच्या आतला आहे. .mov, .mp4, .mkv, .avi ही डब्यांची नावं. कंटेनर म्हणतात तो हाच. त्यात चित्र एका कप्प्यात, आवाज दुसऱ्यात, सबटायटल असतील तर तिसऱ्यात. चित्र कोणत्या रीतीने दाबून भरलं आहे, ते डब्यावरच्या नावावरून कळत नाही. ती रीत म्हणजे कोडेक. .mkv चं नाव बदलून .mp4 करणारे खूप भेटतात. त्याने फार तर फाइल यादीत दिसू लागेल; आत काही बदलत नाही.

आत काय आहे ते पाहायला मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उत्तम. व्हीएलसी हाताशी असेल तर फाइल चालू असताना Ctrl+J दाबलं तरी बरंच कळतं. आपल्या फिल्मबद्दल मीडियाइन्फोने दाखवलेल्या कामाच्या ओळी अशा:

```
Video
Format             : HEVC
Chroma subsampling : 4:2:2
Bit depth          : 10 bits
Audio
Format             : PCM
```

या ओळींत सगळं दुखणं आहे. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, हे २०१३ चं कोडेक. त्याच्या आधीचं एच.२६४ हे २००३ चं. जुन्या फुल एचडी टीव्हीला बहुधा एच.२६४ पर्यंतच येतं. पुढची ओळ त्याहून बेरकी आहे. टीव्हीवर, डीव्हीडीवर, मोबाइलवर आपण जे पाहतो ते जवळजवळ सगळं 4:2:0 या पद्धतीचं असतं: उजेड-अंधाराची माहिती पूर्ण, रंगाची पाव. डोळ्याला फरक कळत नाही, म्हणून ही काटकसर चालते. 4:2:2 मध्ये रंगाची माहिती निम्मी ठेवतात, आणि १० बिटांमुळे प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या मिळतात. शालूचा लाल आणि हळदीचा पिवळा संपादनात सुधारताना कॅमेरावाल्याला याचा खरा उपयोग होतो. पण ही सोय संपादनाच्या टेबलावरची आहे. तयार फिल्मही त्याच साच्यात काढून गिऱ्हाइकाच्या हातात देणं, हे माझ्या मते काम अर्धवट सोडण्यासारखं आहे. एच.२६५ वाचणारे नवे फोर-के टीव्हीसुद्धा 4:2:2 पुढे पुष्कळदा हात टेकतात.

मग लॅपटॉपवर ती का चालली? व्हीएलसीने चित्र उलगडायची रीत स्वतःच्या पोटात बाळगलेली असते आणि ते काम तो लॅपटॉपच्या सर्वसाधारण प्रोसेसरकडून करून घेतो. नवं कोडेक आलं की व्हीएलसी अपडेट केला, झालं. टीव्हीतला प्रोसेसर बेताचा असतो. चित्र उलगडायला तिथे चिपमध्येच ठरावीक सर्किटं कोरलेली असतात. जी आहेत तीच. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करून मेनू सुधारतील, नसलेलं सर्किट उगवणार नाही. अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी टाकल्याने आवाजाच्या आणि डब्याच्या तक्रारी पुष्कळदा मिटतात. फोर-के, १० बिट, 4:2:2 चित्र मात्र तिथला प्रोसेसर ओढू शकत नाही. ते अडखळत, तुटत चालतं.

तेव्हा फिल्म टीव्हीला कळेल अशा रीतीने पुन्हा बांधणं आलं. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. फाइल उघडायची, Fast 1080p30 हा तयार पर्याय निवडायचा, Video या पानावर H.264 (x264) आहे ना ते बघायचं. त्याच्या शेजारचा १० बिटांचा पर्याय चुकून निवडला तर मेहनत वाया. आवाज आपोआप एएसी होतो, म्हणजे पीसीएमची अडचणही इथेच सुटते.

चित्र दिसतं पण आवाज नाही, हे दुखणं इतरत्र जास्त भेटतं, विशेषतः .mkv सिनेमांत, जिथे आवाज डीटीएस नावाच्या कोडेकमध्ये असतो. परवान्याचा खर्च नको म्हणून काही टीव्हींत ते दिलेलंच नसतं. अशा वेळी अख्खी फिल्म पुन्हा बांधायची गरज नाही. चित्र जसंच्या तसं ठेवून फक्त आवाज बदलता येतो. एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर असेल तर एका ओळीत:

```
ffmpeg -i lagna.mkv -c:v copy -c:a aac -b:a 192k lagna-tv.mp4
```

यात चित्राला हात लागत नाही, त्यामुळे दर्जा घटत नाही आणि काम काही मिनिटांत उरकतं. चित्र बदलायचं असेल तेव्हा मात्र लॅपटॉप तासन् तास गरम होत बसतो.

व्हिडिओवाल्याकडेच मागणी करायची असेल तर ‘टीव्हीवर चालेल असं द्या’ एवढं पुरत नाही, कारण त्याच्या टीव्हीवर ते चालत असतं. मागायचं ते असं: मूळ फाइल राहू द्या, सोबत एक प्रत एमपी४ मध्ये, एच.२६४, ८ बिट, १०८०पी, आवाज एएसी. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये बांधलेला आणि एकेक भाग ४ जीबीच्या आतला. भाग किती मिनिटांचे पाडायचे, याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने, आणि फुल एचडीला तो चांगला दर आहे, सेकंदाला १ एमबी खर्च होतो. म्हणजे ४ जीबीत साधारण सत्तर मिनिटं बसतात. अडीच तासांची फिल्म हळद, लग्न आणि रिसेप्शन अशा तीन भागांत सहज मावते. तीच फिल्म एका फाइलमध्ये ४ जीबीत कोंबायची तर दर निम्म्याहून खाली आणावा लागतो. मग अक्षतांच्या क्षणी, जेव्हा पडद्यावर एकदम हजार ठिपके हलतात, तेव्हा चित्राचे चौकोनी तुकडे पडतात.

घरीच करणार असाल तर हँडब्रेकमध्ये Range पुढे Seconds निवडून आधी फक्त पहिली साठ सेकंदं बांधा आणि तो तुकडा टीव्हीवर लावून बघा. चित्र आणि आवाज दोन्ही आले, की रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावून पूर्ण फिल्म सुरू करा. स्लीप मोड बंद करायला विसरू नका, नाहीतर सकाळी काम अर्ध्यावर थांबलेलं दिसेल.