समजून घ्या : ०.५ चं फॅक्टोरियल निघतं, मग उणे १ चं का नाही?

गुगलच्या सर्च बॉक्समध्ये `0.5!` टाइप केलं, तर उत्तर येतं `0.88622692545`. आपण शिकलेलं फॅक्टोरियल म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार. ४! म्हणजे १×२×३×४ = २४. मग अर्ध्यापर्यंत गुणाकार करायचा तरी कसा?

अर्ध्याचं उत्तर आलं कुठून?

१७३० मध्ये गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात गुणाकाराऐवजी वक्राखालचं क्षेत्रफळ वापरलं. आज ते सूत्र असं लिहितात:

`x! = ∫₀^∞ t^x e^(-t) dt`

x च्या जागी ४ ठेवले की २४ च मिळतात. पण इथे x पूर्णांकच हवा, अशी अट नाही. x = -०.५ ठेवलं तर उत्तर √π, म्हणजे सुमारे १.७७२५ येतं. त्याला ०.५ ने गुणलं की ०.५! मिळतं, म्हणजेच गुगलचं उत्तर.

उणे १ च्या पलीकडे कसं जायचं?

x उणे १ किंवा त्याहून कमी असेल, तर t शून्याजवळ येताना वक्र इतका उंच जातो की क्षेत्रफळ अनंत होतं. सूत्र तिथे थांबतं. मग जुना नियम कामी येतो. ५! ला ५ ने भागलं की ४! मिळतं, तसंच:

`x! = (x+1)! / (x+1)`

`(-1.5)! = (-0.5)! / (-0.5) ≈ -3.545`

असं एकेक पायरी डावीकडे सरकता येतं. हेच ‘अ‍ॅनालिटिक कंटिन्युएशन’. ही मनाने घातलेली भर नाही. ऑयलर यांच्या सूत्राला जोडणारा आणि कॉम्प्लेक्स संख्यांवरही डेरिव्हेटिव्ह निघेल असा विस्तार एकच असतो.

गाडी अडते कुठे?

x = -१ ला भाजक शून्य होतो आणि वर ०! म्हणजे १ उरतो. जवळ जाऊन पाहा: -०.९९९ ला उत्तर सुमारे ९९९.४, तर -१.००१ ला सुमारे -१०००.६. एका बाजूने आकाशात, दुसऱ्या बाजूने पाताळात. अशा बिंदूला ‘पोल’ म्हणतात. पायरी डावीकडे सरकते तसा तो पुढे जातो, म्हणून -२, -३, -४ अशा प्रत्येक ऋण पूर्णांकावर पोल आहे. इतरत्र कुठेही नाही.

सगळे पोल सारखे तीव्र मात्र नाहीत. -३ पासून ०.००१ उजवीकडे उत्तर हजाराच्या नव्हे, ५०० च्या आसपास असतं. कारण तिथे तीन पायऱ्यांचे भाजक एकत्र येतात: (-२)×(-१)×०.००१. -१ पासून डावीकडे या पोलची तीव्रता अशी: १, -१, १/२, -१/६. चिन्ह सोडून भाजक पाहा: १, १, २, ६. म्हणजे ०!, १!, २!, ३!. जिथे फॅक्टोरियल निघत नाही, तिथेही मोजमाप फॅक्टोरियलचंच!